फोटो पाहून मॉडेलांचे क्रमांक कसे ठरले? विज्ञान प्रदर्शनाबद्दल पालकांना पत्र

प्रिय पालकहो,

सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनाचा निकाल फलकावर लागल्यापासून बऱ्याच जणांनी वर्गाबाहेर थांबवून तोच प्रश्न विचारला. कुणी थोडं संकोचून, कुणी स्पष्टच: "बाई, मॉडेलं समोर असताना फोटो बघून नंबर कसे काय काढले?" एका वडिलांनी त्यांच्या मुलाच्या आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, "याच्या मॉडेलला तेरा वेळा पसंती मिळाली, शेजारच्याला बारा वेळा. तरी बारावालं वर कसं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुलांनी आठवडेच्या आठवडे खपून मॉडेलं केली आहेत, तेव्हा त्यांचा क्रम कसा लागला हे तुम्हांला नीट कळायलाच हवं. म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे. गणित आहे, पण अपूर्णांकांच्या पुढे जात नाही.

आधीची पद्धत का सोडली?

पूर्वी परीक्षक हातात गुणतक्ता घेऊन टेबलाटेबलाशी जात. कल्पकतेला दहापैकी इतके, मांडणीला इतके, वैज्ञानिक तत्त्वाला इतके, आणि शेवटी बेरीज. दिसायला हे अगदी काटेकोर वाटतं. पण दहापैकी सात म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येक परीक्षकाच्या मनात वेगळं असतं. एखादे सर चांगल्या कामालाही सहाच देतात, तर एखाद्या बाई साध्या कामालाही आठाच्या खाली उतरत नाहीत. यंदा मॉडेलं तीस होती. ती तीन परीक्षकांत वाटली असती, तर मूल कोणत्या टेबलावर बसलं यावरच त्याचा क्रमांक बराचसा ठरला असता.

प्रत्येक परीक्षकाने तीसच्या तीस मॉडेलं पाहायची म्हटलं, तर दुसरी अडचण येते. पहिल्या दोन-तीन मॉडेलांना गुण देताना हात आखडता राहतो, कारण पुढे काय येणार आहे ते माहीत नसतं. शेवटच्या मॉडेलांपर्यंत माणूस दमलेला असतो. आणि बहुतेक सगळे गुण सात-आठच्या आसपासच पडतात. मग अर्ध्या गुणाच्या फरकाने कुणी तिसरं येतं, कुणी अकरावं. त्या अर्ध्या गुणामागे खरा फरक किती आणि त्या क्षणीचा मूड किती, हे परीक्षकालाही सांगता येत नाही.

गुण देऊ नका, दोनांतलं एक निवडा

तुमच्या एका हातात एक पिशवी दिली आणि वजन किती ग्रॅम ते विचारलं, तर उत्तर बरंच चुकेल. पण दोन हातांत दोन पिशव्या दिल्या आणि जड कोणती ते विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येईल. एकाच गोष्टीला नेमका आकडा देणं आपल्याला अवघड जातं, दोन गोष्टींची तुलना मात्र चांगली जमते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी 1927 मध्ये याच गोष्टीला गणिताची बैठक दिली. लोकांनी केलेल्या अशा "हे की ते" निवडी पुरेशा संख्येने गोळा केल्या, तर त्यांतून एक मोजपट्टी तयार करता येते, हे त्यांनी दाखवलं. दोनच वर्षांनी, 1929 मध्ये, जर्मन गणितज्ञ अर्न्स्ट झरमेलो यांनी बुद्धिबळ स्पर्धेतल्या खेळाडूंचं बळ काढण्यासाठी अशाच प्रकारची रीत मांडली. 1952 मध्ये ब्रॅडली आणि टेरी या संख्याशास्त्रज्ञांनी तिला जे रूप दिलं, तेच आम्ही वापरलं. शाळेच्या कामासाठीही हे नवं नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये ई-स्केप नावाच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांच्या डिझाइनच्या कामाचं मूल्यमापन असंच जोड्या लावून केलं गेलं होतं.

या पद्धतीला तुलनात्मक परीक्षण म्हणतात. यापुढे मी नुसतं "तुलना" म्हणेन.

मग फोटो कशासाठी?

तुलना करायची तर दोन्ही मॉडेलं एकाच वेळी डोळ्यांसमोर हवीत. सभागृहाच्या एका टोकाला एक मॉडेल, दुसऱ्या टोकाला दुसरं. परीक्षक तिथून इथे येईपर्यंत त्यातलं एक फक्त आठवणीत उरतं. शिवाय प्रत्येक मॉडेलची वीस वेळा तुलना करायची होती. तितक्या वेळा तीस मॉडेलं उचलून शेजारी ठेवायची म्हटली असती, तर त्यांतली निम्मी मोडली असती. फोटो असले की दोन मॉडेलं पडद्यावर शेजारीशेजारी येतात आणि सगळे परीक्षक अगदी तेच बघतात.

पण फोटो चांगला आला म्हणून मॉडेल चांगलं ठरायला नको. म्हणून फोटो मुलांकडून मागवले नाहीत. सगळे एकाच खोलीत, एकाच पांढऱ्या पडद्यासमोर, एकाच उंचीवर स्टँड लावून, त्याच दिव्यांखाली काढले. प्रत्येक मॉडेलशेजारी एक पट्टी ठेवली होती, आकाराचा अंदाज यावा म्हणून. मुलांची नावं, वर्ग किंवा चेहरे कशातही येऊ दिले नाहीत. एका मॉडेलचे चार फोटो एका पानावर लावले: समोरून, बाजूने, मुख्य भाग जवळून, आणि चौथा मॉडेल काम करत असतानाचा, म्हणजे काहीतरी बदललेलं असतानाचा.

चौथ्या फोटोत किती काही दिसू शकतं, त्याचं एक उदाहरण देते. सिरिंज वापरून केलेली हायड्रॉलिक लिफ्ट घ्या. बारीक सिरिंज दाबली की नळीतलं पाणी जाड सिरिंजमध्ये जातं आणि तिच्यावर ठेवलेलं वजन वर उचललं जातं. पाणी दाबून आक्रसत नाही, म्हणून बारीक सिरिंजमधून जितकं पाणी गेलं तितकंच जाड सिरिंजमध्ये यायला हवं. पहिल्या फोटोत बारीक सिरिंज 5 मिलिलिटरवर होती आणि जाड 6 वर. चौथ्या फोटोत बारीक शून्यावर आली होती आणि जाड 11 वर. हिशेब तंतोतंत जुळला. आता नळीत हवेचा बुडबुडा राहिला असता तर? हवा दाबली की आक्रसते. वजनाखाली जाड सिरिंज 11 पर्यंत न जाता त्याआधीच थांबली असती. आणि मुख्य भागाच्या जवळून घेतलेल्या फोटोत तो बुडबुडाही दिसला असता. गर्दीच्या हॉलमध्ये अर्ध्या मिनिटात हे कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोवर मात्र सिरिंजवरच्या खुणा शांतपणे वाचता येतात.

परीक्षकांनी नेमकं काय केलं?

परीक्षक बारा होते: विज्ञान आणि गणिताचे शिक्षक, आणि इतर विषयांचे काही जण. स्वतःचं मूल प्रदर्शनात असलेल्या कुणालाही घेतलं नाही. प्रत्येकाने पंचवीस तुलना केल्या, म्हणजे एकूण तीनशे. एका तुलनेत दोन मॉडेलं असतात, म्हणून तीनशे तुलनांत मॉडेल दिसण्याच्या सहाशे वेळा होतात आणि तीस मॉडेलांना प्रत्येकी वीस येतात.

त्यांच्यासमोर एकच प्रश्न होता आणि तो कायम पडद्यावर लिहिलेला होता: विज्ञानाचं तत्त्व कोणत्या मॉडेलमध्ये अधिक बरोबर आणि अधिक स्पष्ट दिसतं? "कोणतं छान आहे" असा प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवला नाही. तसा ठेवला असता तर चकचकीत कागद आणि रंगीत दिव्यांनी बाजी मारली असती. "दोन्ही सारखी" असं उत्तर देण्याची सोयही नव्हती. खरोखरच दोन मॉडेलं सारखी असतील, तर काही परीक्षक एकाला निवडतील आणि काही दुसऱ्याला, आणि ती बरोबरी आकड्यांत आपोआप उतरेल. कोणतं मॉडेल डावीकडे आणि कोणतं उजवीकडे यायचं हेही दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, कारण काही माणसांचा कल नकळत एकाच बाजूकडे असतो.

जोड्या दोन टप्प्यांत लावल्या. प्रत्येक मॉडेलच्या पहिल्या दहा तुलना चिठ्ठी टाकल्यासारख्या कुणाशीही झाल्या. त्यातून कोण साधारण कुठे आहे याचा अंदाज आला. पुढच्या दहा तुलना जवळपास त्याच पातळीच्या मॉडेलांशी झाल्या. अगदी वरच्या आणि अगदी खालच्या मॉडेलची जोडी लावून नवीन काही कळत नाही, उत्तर आधीच ठाऊक असतं. जिथे शंका आहे तिथे जास्त तुलना झालेल्या बऱ्या.

आणि अशा जोड्यांमुळेच तेरा आणि बाराचा प्रश्न उभा राहिला.

तेरा वेळा निवडलेलं मॉडेल बारावाल्याच्या खाली कसं?

नुसत्या पसंत्या मोजून चालत नाही, कारण प्रत्येकाची गाठ वेगवेगळ्या मॉडेलांशी पडलेली असते. म्हणून प्रत्येक मॉडेलला एक आकडा दिला जातो. त्याला "बळ" म्हणू या. बळाचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो. एका मॉडेलचं बळ 3 आणि दुसऱ्याचं 1 असेल, तर त्यांच्या दर चार तुलनांत तीन वेळा पहिलं निवडलं जाईल अशी अपेक्षा असते. दोघांच्या बळांची बेरीज करायची आणि त्यात आपला वाटा किती ते पाहायचं. बळ सारखं असेल तर निम्म्या वेळा हे, निम्म्या वेळा ते.

हायड्रॉलिक लिफ्टला वीसपैकी बारा वेळा पसंती मिळाली, तर एका पवनचक्कीला तेरा वेळा. आकडे पूर्णांकांत बसवून हिशेब मांडते, म्हणजे समजायला सोपं जाईल.

लिफ्टच्या वीस तुलनांपैकी बारा तुलना साधारण 3 बळाच्या मॉडेलांशी झाल्या आणि आठ तुलना 1 बळाच्या मॉडेलांशी. आता लिफ्टचं बळ किती मानायचं? समजा 2 मानलं. मग 3 बळाच्या मॉडेलांपुढे तिचा वाटा पाचातला दोन. बारा तुलनांत ती पाचेक वेळा निवडली जायला हवी. 1 बळाच्या मॉडेलांपुढे वाटा तिनातला दोन, म्हणजे आठांत पाचेक वेळा. एकूण अपेक्षा दहाची, पण मिळाल्या बारा. म्हणजे 2 हा आकडा तिला कमी पडतो. आता 3 मानून पाहू. बरोबरीच्या मॉडेलांपुढे बारांत सहा. 1 बळाच्या मॉडेलांपुढे चारातला तीन वाटा, म्हणजे आठांत सहा. बेरीज बारा. अपेक्षा आणि प्रत्यक्ष जुळलं. लिफ्टचं बळ 3.

पवनचक्कीच्या दहा तुलना 2 बळाच्या मॉडेलांशी झाल्या आणि दहा तुलना अवघ्या अर्ध्या बळाच्या मॉडेलांशी. पहिल्या टप्प्यातल्या चिठ्ठीत तिच्या वाट्याला सोपी मॉडेलं आली. तिचं बळ 2 मानलं, तर बरोबरीच्या मॉडेलांपुढे दहांत पाच. अर्ध्या बळाच्या मॉडेलांपुढे अडीचातला दोन वाटा, म्हणजे दहांत आठ. बेरीज तेरा. पवनचक्कीचं बळ 2.

तेरा पसंत्या खऱ्या आहेत, पण त्यांतल्या आठ सोप्या मॉडेलांपुढे मिळालेल्या. लिफ्टच्या बारांपैकी सहा पसंत्या तगड्या मॉडेलांपुढे मिळाल्या. म्हणून बारावालं वर गेलं.

प्रत्यक्षात समोरच्या मॉडेलांचं बळही आधी माहीत नसतं, तेही याच रीतीने काढायचं असतं. म्हणून संगणक सगळ्यांना सारखंच बळ देऊन सुरुवात करतो, अपेक्षा आणि प्रत्यक्ष पसंत्या ताडून पाहतो आणि बळं थोडी वरखाली करतो. हे तीसही मॉडेलांचा मेळ बसेपर्यंत चालू राहतं. संगणक यापलीकडे काही करत नाही. मॉडेलकडे बघून निवड करणारी बाराही माणसंच होती.

मग सहावा आणि सातवा क्रमांक यांत खरंच इतका फरक आहे का?

नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. लिफ्ट सहावी आली, पवनचक्की सातवी. 3 आणि 2 या बळांचा अर्थ असा की, दोघी समोरासमोर आल्या तर दहापैकी सहा वेळा लिफ्ट निवडली जाईल आणि चार वेळा पवनचक्की. वीस तुलनांवरून काढलेल्या बळात चूकभूल बरीच असते. एखाददुसरी निवड इकडची तिकडे झाली असती, किंवा पहिल्या टप्प्यात चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या, तर या दोघींचा क्रम सहज उलटला असता.

म्हणूनच फलकावर एक ते तीस असे क्रमांक लावलेले नाहीत, तीन गट लावले आहेत आणि गटाच्या आत नावं अकारविल्हे आहेत. क्रम आमच्याकडे आहे. विचारणाऱ्या पालकांना त्यांच्या मुलाच्या मॉडेलची सगळी माहिती देते, पण जवळजवळच्या दोन क्रमांकांतला फरक मी ठामपणे सांगू शकत नाही. अकराव्या आणि चौदाव्या मॉडेलमधला फरक घरी मुलाला सुनवावा इतका खरा नाही. तिसऱ्या आणि पंचविसाव्यातला मात्र नक्की खरा आहे.

पुढच्या फेरीसाठी सहा मॉडेलं बोलवायचं ठरलं होतं. पण सहाव्या, सातव्या आणि आठव्याचं बळ जवळजवळ होतं, आणि आठव्यानंतर मोठी घसरण होती. म्हणून आम्ही आठांना बोलावलं. जिथे फरक सिद्ध होत नाही तिथे रेघ मारायची नाही, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. हा निर्णय कुणाच्या मुलाकडे पाहून घेतलेला नाही.

एखाद्या परीक्षकाने मनाला येईल तसं निवडलं असेल तर?

ते पकडता येतं, आणि गुणतक्त्यापेक्षा इथे जास्त सहज. सगळ्यांची बळं निघाली की प्रत्येक परीक्षकाची प्रत्येक निवड किती अनपेक्षित होती ते कळतं. 4 बळाच्या मॉडेलऐवजी अर्ध्या बळाचं निवडणं नऊ वेळांत एकदा घडू शकतं. एकदा घडलं तर हरकत नाही. कदाचित त्या परीक्षकाला असं काहीतरी दिसलं असेल जे बाकीच्यांना दिसलं नाही. पण एकाच परीक्षकाच्या हातून असं वारंवार होत असेल, तर तो दुसराच काहीतरी निकष लावतोय किंवा न बघताच बटण दाबतोय. प्रत्येक निवडीला लागलेला वेळही नोंदला जातो. चार-चार फोटोंची दोन पानं तीन सेकंदांत पाहून होत नाहीत. यंदा कुणाच्याही निवडी काढून टाकाव्या लागल्या नाहीत. परीक्षक कडक की उदार, हा प्रश्न तर उरतच नाही, कारण इथे कुणी गुणच देत नाही. दोनांतलं एक निवडायचं असतं, आणि ते कडक माणसालाही निवडावंच लागतं.

दुसरी तपासणी मला अधिक महत्त्वाची वाटते. बारा परीक्षकांचे सहा-सहाचे दोन गट केले आणि प्रत्येक गटाच्या निवडींवरून स्वतंत्र क्रम काढला. दोन्ही याद्या साधारण सारख्या आल्या तर निकाल माणसांवर फारसा अवलंबून नाही असं म्हणता येतं. संगणकाचा प्रोग्रॅम विश्वासार्हतेचा एक आकडाही देतो. पण जवळपासच्या पातळीच्या जोड्या लावल्या असतील, तर तो आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. म्हणून त्यावर मी भिस्त ठेवली नाही. दोन याद्यांत वरची आणि खालची मॉडेलं बरीचशी तीच होती. मधल्या मॉडेलांत बरीच अदलाबदल होती, आणि तेच अपेक्षित होतं.

एक मॉडेल मात्र एका यादीत चौथं आणि दुसऱ्या यादीत सतरावं होतं. इतकी मोठी तफावत योगायोगाने क्वचितच येते, म्हणून त्याचं पान उघडून पाहिलं. पेरिस्कोप होता. पेटी सगळीकडून बंद होती, आणि आतले दोन आरसे 45 अंशांत बसवले आहेत की नाही ते एकाही फोटोत दिसत नव्हतं. काही जण ते बरोबर असणारच असं धरून चालले, काहींनी जे दिसत नाही ते मोजलं नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी योग्य होतं. पेटीचं एका बाजूचं झाकण काढून पुन्हा फोटो घेतला, आधीच्या तुलना रद्द केल्या आणि त्या मॉडेलच्या वीस तुलना नव्याने झाल्या. आरसे व्यवस्थित बसवलेले होते. ते मॉडेल आता पहिल्या आठांत आहे.

फोटोत मॉडेल चालताना कुठे दिसतं?

दिसत नाही, आणि ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. पवनचक्कीचा दिवा लागलेला फोटोत दिसतो, पण तो वाऱ्याची झुळूक आल्याबरोबर लागला की पंखा बराच वेळ जोरात फिरवल्यावर, ते दिसत नाही. आवाज फोटोत येत नाही. पाणी गाळणाऱ्या मॉडेलमधून एक पेला पाणी गळायला किती वेळ लागला, तेही येत नाही. आवाजावर किंवा वेगावर आधारलेल्या मॉडेलांचं यात थोडं नुकसान होतं. चौथ्या फोटोने ते कमी होतं, पूर्ण जात नाही.

म्हणून फोटोंवरून एवढंच ठरवलं: रचनेत तत्त्व किती बरोबर आणि किती स्पष्ट उतरलं आहे. मॉडेल चालतं का, हे प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्येक टेबलावर जाऊन वेगळं तपासलं आणि त्याची नोंद "चालतं" किंवा "चालत नाही" एवढीच ठेवली. न चालणारं मॉडेल फोटोत कितीही वर असलं तरी पुढच्या फेरीत गेलं नाही. आणि पहिले तीन क्रमांक फोटोंवरून ठरलेलेच नाहीत. ते आठ मुलांनी मॉडेल चालवून दाखवल्यावर आणि प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून ठरतील.

मॉडेल मोठ्यांनी करून दिलं किंवा विकत आणलं असेल तर?

हे फोटोवरून कळत नाही. नीटनेटकं विकतचं किट फोटोत चांगलं दिसतं, आणि मुलाने स्वतः कात्रीने कापलेला पुठ्ठा ओबडधोबड दिसतो. परीक्षकांना आम्ही सांगितलं होतं की कडा सरळ आहेत की नाहीत याकडे पाहू नका. तरी नीटनेटकेपणाचा थोडा प्रभाव राहतोच. माणूस आहे.

कुणी केलं हे कळायला कामाची वही आणि बोलणं हेच दोन मार्ग आहेत. लिफ्ट करणाऱ्या मुलाच्या वहीत पहिल्या आठवड्यात लिहिलेलं आहे की वजन पुरेसं वर जात नाही. पुढच्या पानावर नळीत बुडबुडा असल्याचं लिहून त्याचं चित्र काढलंय, आणि त्याच्या पुढच्या पानावर दोन्ही सिरिंज पाण्याच्या बादलीत बुडवून नळी पाण्याखालीच जोडल्याची नोंद आहे. ज्याच्या हातून हे झालंय त्यालाच असं लिहिता येतं. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रत्येकाला विचारणार आहोत: काय बिघडलं होतं आणि ते कसं सुधारलंस? कृपा करून या प्रश्नाचं उत्तर घरी पाठ करून घेऊ नका. वही सोबत आणायला मात्र सांगा.

सगळ्या तुलनांत एकच मॉडेल निवडलं गेलं तर?

एका आईंनी हा प्रश्न विचारला, आणि तो खरोखर चांगला आहे. वीसपैकी वीस वेळा निवडल्या गेलेल्या मॉडेलचं बळ किती? वरच्या रीतीने मांडून पाहा. बळ 10 मानलं तरी अपेक्षा वीसच्या खालीच येते, 100 मानलं तरी थोडी खालीच, आणि आकडा वाढतच जातो. गणित तिथे थांबत नाही. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक मॉडेलच्या हिशेबात एक लहानशी दुरुस्ती करतो, जणू एका सरासरी मॉडेलशी त्याची अर्धी तुलना जिंकली आणि अर्धी हरली. त्यामुळे आकडा आवाक्यात राहतो आणि बाकीच्यांच्या क्रमावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. यंदा असं कोणतंही मॉडेल नव्हतं. सर्वात वर असलेलं मॉडेलही दोन वेळा मागे पडलं.

आक्षेप असेल तर

तुमच्या मुलाच्या मॉडेलचं चार फोटोंचं पान, त्याच्या वीस तुलना कोणकोणत्या मॉडेलांशी झाल्या आणि प्रत्येकात काय निवडलं गेलं, हे सगळं प्रयोगशाळेत पाहायला मिळेल. परीक्षकांची आणि इतर मुलांची नावं त्यात नाहीत. पाहताना आधी चार फोटो नीट बघा. मॉडेलमधला महत्त्वाचा भाग एकाही फोटोत दिसत नाही असं वाटलं, तर तो आक्षेप मी ताबडतोब घेईन, कारण पेरिस्कोपच्या बाबतीत तेच झालं होतं. त्या मॉडेलचा फोटो पुन्हा काढू आणि तुलनाही पुन्हा करू. त्यासाठी आठ मुलांच्या प्रात्यक्षिकाआधी या, म्हणजे निकालात बदल झाला तर त्या मुलालाही वेळेवर बोलावता येईल.

आपली,
विज्ञान शिक्षिका